‘घनता कमी म्हणून तरंगते’ या उत्तरात कारण कुठे आहे?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. विज्ञानाच्या कार्यपत्रिकेत घनता, दाब आणि तरंगणं-बुडणं यावर सहा-सात ‘का?’ विचारले आहेत. ती सगळीकडे “घनता पाण्यापेक्षा कमी आहे म्हणून तरंगते” एवढंच लिहिते आणि शिक्षिका “कारण स्पष्ट करा” असा शेरा मारून अर्धेच गुण देतात. उत्तर चूक नाही ना? मग आणखी काय लिहायचं? आणि लोखंडी खिळा बुडतो पण जहाज तरंगतं, याचं उत्तर तर तिला लिहिताच येत नाही.

उत्तर :

तिचं वाक्य बरोबर आहे, पण ते कारण नाही, तो निकाल आहे. वस्तू तरंगेल की बुडेल याचा अंदाज त्या वाक्यावरून बांधता येतो. मात्र वस्तूला वर कोण ढकलतं, किती जोराने ढकलतं आणि ते ढकलणं कुठे थांबतं, यातलं काहीच त्यात नाही. शिक्षिकेला नेमकं तेच हवं आहे. मी बरीच वर्षं आठवी-नववीच्या वह्या तपासल्या आहेत आणि या धड्यात सर्वांत जास्त गुण याच एका वाक्यापायी गेलेले पाहिले आहेत. मुलं घनतेचा नियम पाठ करतात, दाबाचं सूत्र वेगळं पाठ करतात, आर्किमिडीजचं तत्त्व तिसरीकडे. तिन्ही गोष्टी एकच आहेत हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. म्हणून आधी एकच उदाहरण नीट सोडवू. ते समजलं की कार्यपत्रिकेतले बाकीचे प्रश्न त्याच वाटेने सुटतात.

एक लाकडी ठोकळा घ्या. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी १० सेंटिमीटर आणि वस्तुमान ६०० ग्रॅम. पृथ्वी त्याला सुमारे ६ न्यूटन बलाने खाली ओढते, हे त्याचं वजन. (आकडे सोपे राहावेत म्हणून g ची किंमत १० धरली आहे. मुलीच्या पुस्तकात ९.८ असेल तर ५.८८ न्यूटन येईल, विचार तोच राहतो.) आता हा ठोकळा पाण्यावर आडवा ठेवून हळूच सोडला, तर काय होतं?

पाण्यात जितकं खोल जावं तितका दाब वाढतो, कारण वरच्या पाण्याचा भार खालच्या पाण्यावर असतो. दर सेंटिमीटर खोलीला हा दाब १०० पास्कलने वाढतो. पास्कल म्हणजे एका चौरस मीटरवर एक न्यूटन. आपल्या ठोकळ्याचा तळ एका चौरस मीटरचा शंभरावा भाग आहे. म्हणजे हिशोब फारच सोपा झाला : तळ पाण्यात एक सेंटिमीटर खाली गेला की पाणी त्याला एक न्यूटन बलाने वर ढकलतं. दोन सेंटिमीटर गेला की दोन न्यूटन. ठोकळा सहा न्यूटनचा आहे, म्हणून तो खाली खाली जातो आणि तळ सहा सेंटिमीटरवर पोहोचला की वर ढकलणारं बल त्याच्या वजनाइतकं होतं. तिथे तो स्थिरावतो. सहा सेंटिमीटर पाण्यात, चार सेंटिमीटर बाहेर.

हे वाचताना मुलीला दोन शंका येतील, आणि याव्यात. पहिली : पाणी बाजूंनीही दाबतं, त्याचं काय? दाबतं, पण डावीकडून जितकं तितकंच उजवीकडून, त्यामुळे ती बलं एकमेकांना रद्द करतात. दुसरी : वरून हवाही दाबतेच की. हो, पण तीच हवा भोवतालच्या पाण्यालाही दाबते आणि तो दाब पाण्यातून थेट ठोकळ्याच्या तळापर्यंत पोहोचतो. वरून जेवढा, खालूनही तेवढाच. म्हणून हवेचा दाब हिशोबातून गळून जातो.

आता तोच ठोकळा बोटाने खाली दाबा. वरची बाजू पाण्याच्या पातळीला टेकेपर्यंत दाबला, तर तळ दहा सेंटिमीटरवर असेल आणि पाणी त्याला दहा न्यूटनने वर ढकलत असेल. सहा न्यूटन त्याचं स्वतःचं वजन, उरलेले चार तुमच्या बोटाने पुरवले. बोट काढलं की हेच चार न्यूटन जास्तीचे उरतात आणि ठोकळा उसळी मारतो. मुलांना हे हाताने करायला लावा. पाण्याने बोटाला दिलेला रेटा एकदा जाणवला, की ‘प्लावक बल’ हा शब्द पुस्तकातून बाहेर येतो.

आणखी खाली नेला तर? समजा वरची बाजू २० सेंटिमीटर खोलीवर आहे आणि तळ ३० सेंटिमीटरवर. आता वरच्या बाजूवरही पाणी आलं आहे आणि ते तिला २० न्यूटनने खाली दाबतं. तळाला ३० न्यूटनने वर ढकलतं. फरक दहा न्यूटन. अजून एक मीटर खाली नेला तर वरचं बल १२० आणि खालचं १३०, फरक पुन्हा दहाच. “खोल पाण्यात दाब जास्त असतो, मग तिथे प्लावक बलही जास्त असतं का?” हा प्रश्न कार्यपत्रिकेत बहुतेकदा असतोच, आणि बहुतेक मुलं ‘हो’ लिहितात. खरं उत्तर ‘नाही’ आहे, कारण प्लावक बल दाबातून येत नाही, दाबाच्या फरकातून येतं. वस्तू पूर्ण बुडाल्यावर तिच्या वरच्या आणि खालच्या बाजूंमधलं अंतर बदलत नाही, म्हणून फरकही बदलत नाही. या एका वाक्याला पूर्ण गुण मिळतात.

हे दहा न्यूटन म्हणजे काय, हे आता पाहा. ठोकळ्याचं आकारमान १००० घनसेंटिमीटर आहे. तेवढ्या पाण्याचं वस्तुमान एक किलो आणि वजन दहा न्यूटन. म्हणजे प्लावक बल बरोबर बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं निघालं. अर्धवट बुडालेल्या अवस्थेतही तेच : सहा सेंटिमीटर बुडालेल्या ठोकळ्याने ६०० घनसेंटिमीटर पाणी बाजूला सारलं, त्याचं वजन सहा न्यूटन. हेच आर्किमिडीजचं तत्त्व. ते वेगळं पाठ करायची गरजच नाही, दाबाच्या हिशोबातून ते आपोआप हाती येतं.

ठोकळा सरळ होता म्हणून हिशोब सोपा झाला. वेडावाकडा दगड असेल तर? तिथे एक विचार मला फार आवडतो आणि मुलांनाही तो लगेच पटतो. पाण्याने भरलेल्या बादलीत, पाण्याच्या आतच, त्या दगडाच्या आकाराचा एक पाण्याचा तुकडा मनाने आखा. तो तुकडा स्थिर आहे. वर जात नाही, खाली जात नाही. त्यालाही वजन आहे, मग तो खाली का पडत नाही? कारण भोवतालचं पाणी त्याला नेमक्या त्याच्याच वजनाइतक्या बलाने तोलून धरतं. आता तो पाण्याचा तुकडा काढून त्या जागी तसाच दगड ठेवला, असं समजा. भोवतालच्या पाण्याला आत काय आहे हे कुठे ठाऊक आहे? ते आधीइतकंच ढकलत राहतं. दगड त्या पाण्याच्या तुकड्यापेक्षा जड असेल तर उरलेलं वजन त्याला खाली नेतं. हलका असेल तर तो वर येतो.

इथे, आणि इथेच, घनता येते. दगड आणि पाण्याचा तुकडा यांचं आकारमान एकच आहे. आकारमान सारखं असताना कोण जड हे विचारणं म्हणजे कोणाची घनता जास्त हे विचारणं. म्हणून “घनता पाण्यापेक्षा कमी असेल तर वस्तू तरंगते” हे मुलीचं वाक्य उत्तराच्या शेवटी यायला हवं, सुरुवातीला आणि एकटं नव्हे. लाकडी ठोकळ्याबद्दल मी पूर्ण गुण देईन ते उत्तर साधारण असं :

“ठोकळा पाण्यात शिरू लागला की त्याच्या तळावर पाण्याचा दाब वरच्या दिशेने बल लावतो. ठोकळा जितका आत जातो तितका हा दाब आणि बल वाढतं. लाकडाची घनता पाण्यापेक्षा कमी असल्यामुळे, ठोकळा पूर्ण बुडण्याआधीच हे बल त्याच्या वजनाइतकं होतं. दोन्ही बलं समान झाल्यावर ठोकळा तिथेच स्थिर राहतो, म्हणजे तरंगतो.”

चारच वाक्यं आहेत, पण प्रत्येक वाक्य पुढच्याला धरून आहे. मधलं एक काढलं तर पुढचं लटकतं. उत्तरात कारण आहे की नाही हे ओळखायची माझी कसोटी हीच.

थोडं विषयांतर करून एक सांगतो, कारण आपल्या भाषेत हा घोळ फार होतो. ‘घनता’ या शब्दातला ‘घन’ मुलांना दोन ठिकाणी आधीच भेटलेला असतो : घन पदार्थ आणि घन आकृती. शिवाय ‘दाट’ आणि ‘घट्ट’ हे रोजचे शब्द त्यांना जवळचे वाटतात. मग त्यांच्या डोक्यात घनता म्हणजे दाटपणा असं बसतं. “तेल पाण्यावर का तरंगतं?” या प्रश्नावर ती अडतात, कारण तेल तर पाण्यापेक्षा दाट दिसतं, सावकाश ओघळतं. ओघळण्याचा सावकाशपणा ही विष्यंदिता, ती वेगळी गोष्ट आहे. घनता म्हणजे एका घनसेंटिमीटरमध्ये किती ग्रॅम, बस. खायच्या तेलात ते सुमारे ०.९२ ग्रॅम भरतं, पाण्यात १ ग्रॅम. ‘जड’ या शब्दाचंही तसंच. दोनशे किलोचा ओंडका तरंगतो आणि दोन ग्रॅमचा खिळा बुडतो, तेव्हा “खिळा जड आहे म्हणून बुडतो” हे लिहून चालत नाही. “त्याच्याएवढ्या आकारमानाच्या पाण्यापेक्षा जड” असं पूर्ण लिहायची सवय मुलीला लावा. शब्द वाढतात, पण उत्तर खरं होतं.

आता जहाज. मुलगी इथे अडते ते अगदी स्वाभाविक आहे, कारण तिने पाठ केलेला नियम इथे उलटा पडल्यासारखा दिसतो. लोखंडाची घनता पाण्याच्या जवळजवळ आठपट, मग लोखंड तरंगेल कसं? आपण लाकडी ठोकळ्याच्याच मापाचा भरीव लोखंडी ठोकळा घेऊ. वस्तुमान ७.८ किलो, वजन ७८ न्यूटन. तो पूर्ण बुडाला तरी पाणी त्याला दहाच न्यूटन देऊ शकतं, कारण तो १००० घनसेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी बाजूला सारूच शकत नाही. ६८ न्यूटन कमी पडतात. बुडणारच.

त्याला तरंगवायचं तर दोनच मार्ग : वजन कमी करायचं किंवा जास्त पाणी बाजूला सारायचं. वजन तसंच ठेवून दुसरा मार्ग घेऊ. तेच लोखंड वितळवून सुमारे साडेचार मिलिमीटर जाडीचा पत्रा केला आणि त्याची वर उघडी अशी पेटी बनवली : २५ सेंटिमीटर लांब, २० रुंद, २० उंच. लोखंड तेवढंच, ७.८ किलो. पण पेटीचा तळ आता ५०० चौरस सेंटिमीटर आहे. ती पाण्यात ठेवली की दर सेंटिमीटर खोलीला ५०० घनसेंटिमीटर पाणी बाजूला सरतं, म्हणजे पाच न्यूटन मिळतात. ७८ न्यूटन जमायला १५.६ सेंटिमीटर खोली लागते. पेटी २० सेंटिमीटर उंच आहे. म्हणजे काठ पाण्याला लागायच्या आधीच, साडेचार सेंटिमीटरला किंचित कमी असताना, ती स्थिरावते. जहाज म्हणजे हीच पेटी.

जहाजात किती सामान भरता येईल, या पुढच्या उपप्रश्नाचंही उत्तर याच हिशोबात आहे. पेटी काठापर्यंत बुडाली तर १०,००० घनसेंटिमीटर पाणी सारेल, म्हणजे एकूण दहा किलो पेलेल. ७.८ तिचे स्वतःचे, उरले २.२ किलो. एवढंच सामान ती घेऊ शकते. त्याहून जास्त भरलं की पाणी काठावरून आत येतं. आत आलेलं पाणी मग बाजूला सारलेलं राहत नाही, उलट पेटीच्या वजनात भर पडते. त्यामुळे बुडणं एकदा सुरू झालं की थांबत नाही. तळाला भोक पडलेलं जहाज का बुडतं, याचं कारणही हेच.

या प्रश्नावर “जहाजात हवा असते म्हणून ते तरंगतं” असं उत्तर वारंवार येतं. अनेक मार्गदर्शक पुस्तिकांतही ते तसंच छापलेलं असतं. मी त्याला पूर्ण गुण देत नाही. हवा जहाजाला उचलत नाही, तिला स्वतःला थोडं का होईना वजनच आहे. खरं काम पत्र्याच्या भिंती करतात : त्या पाण्याला आत येऊ देत नाहीत, म्हणून तेवढ्या जागेतलं पाणी ‘बाजूला सारलेलं’ राहतं. हवेचा उल्लेख करायचाच असेल तर सरासरी घनतेच्या संदर्भात करावा, म्हणजे असा :

“भरीव खिळा त्याच्या आकारमानाएवढंच पाणी बाजूला सारतो. त्या पाण्याचं वजन खिळ्याच्या वजनापेक्षा खूप कमी असल्यामुळे प्लावक बल अपुरं पडतं आणि खिळा बुडतो. जहाज आतून पोकळ असल्यामुळे ते थोडंच बुडालं तरी पुष्कळ पाणी बाजूला सारतं. बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन जहाजाच्या एकूण वजनाइतकं झालं की ते तरंगतं. म्हणजे लोखंड आणि आतली पोकळी मिळून जहाजाची सरासरी घनता पाण्यापेक्षा कमी असते.”

हे घरी पडताळायला मॉडेलिंग क्लेचा गोळा पुरतो. गोळा बुडतो, त्याचीच वाटी तरंगते. पण पहिल्या प्रयत्नात वाटी हमखास बुडते, आणि मूल म्हणतं “नियम चुकला”. बहुतेक वेळा भिंती एका बाजूला जाड झालेल्या असतात, वाटी कलते आणि खालच्या काठावरून पाणी आत शिरतं. तळ सपाट, भिंती पातळ आणि काठ सगळीकडे सारख्या उंचीचा केला की ती तरंगते. बुडालेल्या वाटीत पाणी होतं का, कुठून आलं, हे मुलीलाच पाहू द्या. तिथेच तिला जहाजाचं उत्तर लिहायला सुचेल.

प्लावक बल डोळ्यांनी ‘वाचायचं’ असेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा घ्या. त्यावर अर्धं भरलेलं पाण्याचं भांडं ठेवा आणि काटा शून्यावर आणा. एक दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा, पण तळाला किंवा कडेला टेकवू नका. समजा दगड २४० ग्रॅमचा आहे आणि काटा ९० ग्रॅम दाखवतो. पाणी दगडाला जेवढं वर ढकलतं तेवढंच दगड पाण्याला खाली ढकलतो आणि काटा तेच दाखवतो. म्हणजे ९० ग्रॅम पाण्याच्या वजनाइतकं, ०.९ न्यूटन प्लावक बल. ९० ग्रॅम पाण्याचं आकारमान ९० घनसेंटिमीटर, म्हणून दगडाचंही तेवढंच. २४० ला ९० ने भागलं की घनता सुमारे २.६७ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर येते. दगड आणखी खोल धरला, पण टेकवला नाही, तर काटा हलत नाही. वर सांगितलेलं ‘खोलीने प्लावक बल बदलत नाही’ हे इथे समोर दिसतं. मग दोरा सैल सोडा. दगड तळाला टेकतो आणि काटा २४० दाखवतो, कारण आता उरलेलं वजन भांड्याचा तळ पेलतो आहे. हाच प्रयोग लाकडाच्या तुकड्याने करा. तो नुसता तरंगत असतानाच काटा त्याचं पूर्ण वस्तुमान दाखवेल. काही ग्रॅमचा फरक आला तर दगडाला चिकटलेले हवेचे बुडबुडे आधी पाहा, ते आकारमान वाढवतात. आणि सच्छिद्र दगड घेऊ नका, तो पाणी पीत राहतो आणि आकडा स्थिर राहत नाही.

अंड्याच्या प्रश्नात उलटी स्थिती आहे. साध्या पाण्यात अंडं बुडतं, मीठ घातलं की वर येतं. इथे मुलं “मिठामुळे अंडं हलकं होतं” असं लिहून जातात. अंड्याचं काहीच बदललेलं नाही, पाणी बदललं आहे. समजा अंडं ५४ ग्रॅमचं आणि ५० घनसेंटिमीटरचं आहे. साधं पाणी त्याला जास्तीत जास्त ५० ग्रॅम पाण्याच्या वजनाइतकं तोलू शकतं, चार ग्रॅम कमी पडतात. मीठ विरघळल्यावर त्याच ५० घनसेंटिमीटर जागेतलं पाणी जास्त जड होतं. ते ५४ ग्रॅमच्या पुढे गेलं की, पूर्ण बुडालेल्या अंड्यावरचं प्लावक बल त्याच्या वजनापेक्षा जास्त होतं आणि अंडं वर येतं. मग पाण्याबाहेर थोडासा भाग काढून ते थांबतं, कारण आता कमी आकारमानाचं खारं पाणी सारूनही वजन तोललं जातं. हा शेवटचा टप्पा मुलं लिहीत नाहीत, पण ‘वर येणं’ आणि ‘तरंगत राहणं’ या दोन वेगळ्या अवस्था आहेत. वर येताना बलं असमान असतात, तरंगताना समान.

प्रयोग करताना दोन-तीन चमचे मीठ घालून काही होत नाही आणि मुलं कंटाळतात. अशा अंड्याला एक लिटर पाण्यात सुमारे दीडशे ग्रॅम मीठ लागतं, तेही पूर्ण विरघळलेलं. आणि अंडं ताजं हवं. जुन्या अंड्यातलं पाणी कवचातून हळूहळू उडून जातं, आत हवेची पोकळी वाढते आणि तेवढ्याच आकारमानाचं अंडं हलकं होतं, त्यामुळे ते साध्या पाण्यातच उभं राहतं किंवा तरंगतं. मग प्रयोगाला अर्थ उरत नाही.

गणितं मुलीला जमत असतील, म्हणून त्यावर थोडंच सांगतो. सर्वांत घातक चूक एककांची असते. पदार्थाची घनता ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरमध्ये दिलेली असते आणि पाण्याची मुलांना १००० अशी पाठ असते, जी किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये आहे. मग ७.८ ही १००० पेक्षा लहान म्हणून लोखंड तरंगतं, असं लिहून मूल मोकळं होतं. तुलना करण्याआधी दोन्ही आकड्यांपुढचं एकक लिहायला लावा, चूक तिची तिलाच दिसेल.

शेवटी एक फसवा प्रश्न, जो अनेक कार्यपत्रिकांत मुद्दाम घातलेला असतो. पाण्यावर हळुवार आडवी ठेवलेली सुई किंवा कागदाला लावायची पोलादी क्लिप वर राहते. ती का? इथे वरचं सगळं उत्तर लागू होत नाही. सुई भरीव आहे, तिच्या आत पोकळी नाही, म्हणून बाजूला सारलेल्या पाण्याने प्लावक बल पुरत नाही. ती पृष्ठताणावर टेकलेली असते. नीट पाहिलं तर सुईखाली पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा दबलेला दिसतो. सुई कोरडी असते आणि तिला पाण्याच्या आत ढकललं की ती बुडते, परत वर येत नाही. लाकडाचा तुकडा मात्र कितीही खाली ढकलला तरी वर येतो. खरं तरंगणं ओळखायची ही साधी खूण आहे. दुसरी खूण : पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका. पृष्ठताण कमी होतो आणि सुई बुडते. साबणाने पाण्याच्या घनतेत जाणवण्याइतका फरक पडत नाही, म्हणून लाकूड आपल्या जागी तसंच तरंगत राहतं. मुलीने सुईच्या प्रश्नाला “घनता कमी म्हणून” असं लिहिलं असेल, तर ते उत्तर मात्र पूर्ण चूक आहे. तिथे “सुईची घनता पाण्यापेक्षा जास्तच आहे, पण पाण्याचा पृष्ठताण तिचं वजन पेलतो, म्हणून पृष्ठभाग मोडेपर्यंत ती वर राहते” असं लिहायला सांगा.